शेजारी २९० ची पाटी लागली, आता आपला दर किती ठेवावा?

पत्र: कराडजवळ आमचा लाकडी घाणा आहे. पाच वर्षं झाली, एकच घाणा. शेंगदाणा तेल ३६० रुपये किलोने, एक किलोच्या बाटलीतून विकतो. दोन महिन्यांपूर्वी याच रस्त्यावर नवीन घाणा सुरू झाला. त्यांची पाटी आहे, २९० रुपये लिटर. आमची विक्री महिना ४२० किलोवरून ३४० किलोवर आली. मुलगा म्हणतो, आपणही ३०० करू. घाण्यावरचा कामगार म्हणतो, ‘वहिनी, थोडं रिफाइंड टाका, वासाला कळत नाही.’ मिस्टर म्हणतात, हलका दाणा घेऊन बघू. आमचा दाणा भाड्यासकट ११५ रुपये किलो पडतो. १०० किलो दाण्यातून ४१ किलो स्वच्छ तेल आणि ५६ किलो पेंड निघते, पेंड व्यापारी ३८ रुपयांनी नेतो. बाटली, लेबल, वीज वगैरे किलोमागे २३ रुपये. जागेचं भाडं, पगार असा बांधील खर्च महिना २४,००० रुपये. उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखालीच आहे. काय करावं?

उत्तर:

नमस्कार ताई. आकडे व्यवस्थित लिहून पाठवलेत, म्हणून उत्तरही आकड्यांतच देता येईल.

सर्वात आधी त्यांची पाटी पुन्हा वाचा. त्यांचा दर लिटरचा आहे, तुमचा किलोचा. शेंगदाणा तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे २९० रुपये लिटर हा किलोच्या हिशेबात ३१९ रुपये झाला आणि तुमचे ३६० रुपये किलो म्हणजे ३२८ रुपये लिटर. गिऱ्हाइकाच्या डोक्यात ७० रुपयांचा फरक बसलाय, खरा फरक लिटरमागे ३८ रुपयांचा आहे. जवळजवळ निम्मा फरक मापातच होता.

तेव्हा पहिलं काम, एक लिटरची बाटली सुरू करा आणि तिची किंमत ३२८ रुपये ठेवा. हा दर कमी केलेला नाही, तोच दर त्यांच्या मापात सांगितला आहे. बाटली लहान झाल्यामुळे किलोमागे बाटलीचा खर्च सुमारे दीड रुपयाने वाढेल, तेवढा सोसा. लेबलवर ‘१ लिटर (९१० ग्रॅम)’ असं दोन्ही छापा. खाद्यतेलाच्या पाकिटावर मिलिलिटरबरोबर वजनही छापा, असं केंद्र सरकारने २०२२ मध्ये तेल उत्पादकांना सांगितलंच आहे. जुन्या गिऱ्हाइकाला नवी बाटली हातात देताना एक वाक्य न विसरता सांगायचं, ‘ही लिटरची आहे, किलोची नाही, म्हणून किंमत कमी दिसते.’ हे सांगितलं नाही तर महिन्याभराने कुणीतरी घरच्या काट्यावर बाटली ठेवेल आणि तुम्ही गुपचूप माप घटवलं अशी बोलवा होईल. किलोची बाटली मागणाऱ्यांसाठी आणखी दोन-तीन महिने चालू ठेवा.

आता मुलाचं म्हणणं. तुमच्या आकड्यांवरून १०० किलो दाण्याचे ११,५०० रुपये. त्यातून पेंडीचे २,१२८ वजा केले तर ४१ किलो तेल ९,३७२ रुपयांना पडलं, म्हणजे किलोला २२९. त्यात वरचे २३ मिळवले की २५२. तेव्हा ३६० ला विकलेल्या प्रत्येक किलोत १०८ रुपये हातात उरतात आणि त्यातून भाडं-पगार भागून नफा राहतो. आज ३४० किलोवरही महिन्याला ३६,७२० उरतात. बांधील २४,००० गेले की १२,७२० रुपये नफा. पूर्वी ४२० किलोवर हाच नफा २१,३६० होता. घट मोठी आहे, दुखणारी आहे, पण घाणा तोट्यात नाही.

३०० केलंत की किलोमागे १०८ चे ४८ रुपये होतात. दर सहाव्या हिश्श्याने उतरला, पण उरणारी रक्कम निम्म्याहून खाली आली. मग नुसता बांधील खर्च निघायलाच ५०० किलो विकावं लागेल. आज जेवढं मिळतंय तेवढंच मिळवायला ७६५ किलो आणि पूर्वीइतकं मिळवायला ९४५ किलो. तुमच्या सर्वात चांगल्या महिन्याच्या हे सव्वादोनपट आहे. घाण्याच्या बाजूने बघा. एका वेळी १५ किलो दाणा घातला तर सहा किलोच्या आसपास तेल, दिवसाला सात घाण्या. ९४५ किलोला १५४ घाण्या म्हणजे २२ दिवस घाणा फक्त शेंगदाण्यावर. करडई, तीळ, खोबरं कधी काढणार? शिवाय कराडच्या एका बाजूला एवढे नवे गिऱ्हाईक येणार कुठून, कारण तुम्ही ३०० केलंत की समोरचा २७० करेलच. त्याचा घाणा नवा आहे, त्याच्या डोक्यावर बहुधा कर्जाचा हप्ता आहे, त्याला रोकड फिरती ठेवायचीच आहे. अशा माणसाशी दरात खेळू नये.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी, कारण पत्रात तुम्ही ती लिहिली नाहीत तरी ओळींच्या मध्ये दिसते. ‘एवढ्या स्वस्तात देतो म्हणजे नक्की भेसळ करतो’ असा निष्कर्ष या दरावरून निघत नाही. ३१९ रुपये किलोने विकून, तुमच्याच खर्चात त्याला ६७ रुपये सुटतात. जागा स्वतःची असेल, घरचीच माणसं राबत असतील, दाणा सुगीत एकदम घेतला असेल तर तो प्रामाणिकपणे तेवढ्यात देऊ शकतो. शंका घ्यायला जागा कधी? सुरुवातीची सवलत संपल्यानंतरही, दाण्याचा बाजारभाव हाच असताना, कुणी सतत २३० रुपये लिटरच्या खाली विकत असेल तेव्हा. कारण २५२ रुपये किलो म्हणजे २२९ रुपये लिटर, आणि त्याखाली दाणा, वीज आणि बाटलीचेच पैसे निघत नाहीत. हा तळाचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि दाण्याचा भाव बदलला की पुन्हा काढा. तो आकडा तुमच्या स्वतःच्या समजुतीसाठी आहे, गिऱ्हाइकाला ऐकवण्यासाठी नाही.

तेल फ्रिजमध्ये ठेवून भेसळ ओळखायचे व्हिडिओ फिरत असतात. त्यांच्या भरवशावर काही बोलू नका. शुद्ध शेंगदाणा तेलही थंडीत गढूळ होतं, घट्ट होतं. उद्या थंडीच्या दिवसांत तुमचीच बाटली कुणी दाखवायला आणेल.

आता कामगाराची सूचना. रिफाइंड तेल १४० रुपये किलोने आणून १५ टक्के मिसळलं असं धरू. शंभरात पंधरा भाग ८९ रुपयांनी स्वस्त झाले, म्हणजे किलोमागे वाचले १३ रुपये. ३४० किलोवर महिन्याला साडेचार हजार. एवढ्यासाठी काय पणाला लागतं ते बघा. दोन तेलांचं मिश्रण ‘शेंगदाणा तेल’ म्हणून विकता येत नाही. मिश्रणाला ते मिश्रण असल्याचं स्पष्ट, वेगळं लेबल लागतं. नमुना उचलला गेला तर प्रयोगशाळेत ते लपत नाही. शुद्ध शेंगदाणा तेलाचं आयोडीन मूल्य ८५ ते ९९ मध्ये आणि ४० अंशावरचं ब्युटिरो-रिफ्रॅक्टोमीटरचं वाचन ५४ ते ५७.१ मध्ये असावं लागतं. शिवाय बेलिअर चाचणीत तेल ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान गढुळतं. सोयाबीन मिसळलं की पहिले दोन आकडे वर सरकतात, पामतेल मिसळलं की आयोडीन मूल्य खाली. अन्न सुरक्षा कायद्यात कमी प्रतीच्या मालाला ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, हे तुमच्या कामगाराला ठाऊक असणार. तो उद्या समोरच्या घाण्यावर कामाला गेला की?

मिस्टरांची सूचना जास्त घातक, कारण ती बेकायदा नाही आणि व्यवहारी वाटते. म्हणून तिचाही हिशेब मांडू. हलका दाणा म्हणजे तुकडा, सुरकुतलेला, गेल्या वर्षीचा. समजा तो १०५ रुपयांना मिळाला. त्यातून तेल ४१ च्या जागी ३७ किलो निघेल. पेंड ५८ किलो, पण वास उतरल्यामुळे व्यापारी ३६ च्या वर देणार नाही. १०,५०० मधून २,०८८ गेले, उरले ८,४१२, भागिले ३७. किलोला २२७ रुपये! दाण्यात दहा रुपये वाचवले आणि तेलात वाचला सव्वा रुपया. तुमच्या भागात हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, म्हणून विश्वास ठेवू नका. एक पोतं आणून गाळा आणि तेल-पेंड दोन्ही वजन करून बघा.

आणि त्या सव्वा रुपयाबरोबर काय येतं? फुटलेल्या दाण्याची साल गेलेली असते, हवा लागून तेल आतल्या आत खवट व्हायला लागलेलं असतं. असं तेल कढईत लवकर धूर सोडतं, घशाला लागतं आणि बाटलीत महिनाभरातच वास धरतं. दुसरं जास्त गंभीर आहे. ओल लागलेल्या, काळ्या पडलेल्या दाण्यावर बुरशी असते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. त्याचा मोठा भाग पेंडीत जातो, पण काही तेलात उतरतो. कारखान्यातल्या रिफायनिंगमध्ये तो निघतो. घाण्याच्या तेलावर तशी प्रक्रियाच होत नाही. म्हणून घाणेवाल्याची दाणे निवडण्यात काटकसर चालत नाही. आणि पेंड खाणाऱ्या म्हशीच्या दुधातूनही ते विष पुढे जातं, हे पेंड विकणाऱ्याने लक्षात ठेवायचं.

दर्जा कमी होण्याचा आणखी एक रस्ता आहे, तो कुणी सुचवत नाही, आपोआप होतो. मागणी सांभाळायच्या घाईत तेल नीट निवळू न देता बाटलीत भरलं जातं. दोन-तीन दिवस टाकीत शांत राहिलं की गाळ आणि ओलावा तळाला बसतो, वरचं तेल काढून घ्यायचं. हे न करता भरलं तर दीड-दोन टक्के वजन जास्त मिळाल्यासारखं वाटतं, पण तोच गाळ बाटलीच्या तळाशी कुजतो. बाटलीत बोटभर साका दिसतोय आणि बूच उघडल्यावर आंबूस वास येतोय, अशी तक्रार आली तर दाणा तपासण्याआधी टाकीवर भरल्याची तारीख बघा.

मग खर्च कमी करायचाच नाही का? करायचा, पण तेलाला हात न लावता. तुमच्या कागदावर दोन जागा दिसतात.

पहिली पेंड. लाकडी घाण्याच्या पेंडीत तेल जास्त राहतं, त्यामुळे गवळी तिला चांगला भाव देतात. मधल्या व्यापाऱ्याला ३८ ने देण्याऐवजी चार-पाच गोठेवाले बांधून घ्या आणि ४२ ने आठवड्याच्या आठवड्याला उचलायला लावा. १०० किलो दाण्यामागे यातून २२४ रुपये जास्त येतात, म्हणजे तेलाच्या किलोमागे साडेपाच रुपये. उधारी मात्र ठेवू नका. गवळ्याची थकबाकी साठली की हा फायदा तिथेच मुरतो. पेंड पसरून गार आणि कोरडी करूनच पोत्यात भरा, गरम भरली तर आत घाम सुटून बुरशी येते.

दुसरी उतारा. ४१ किलो हा चांगला उतारा आहे, पण प्रत्येक पोत्याला तो तेवढाच येतो का? दाण्यातली ओल ५ ते ७ टक्के असेल तर घाणा नीट पकडतो. ओला दाणा लगदा होऊन फिरत राहतो, फार कोरडा भुगा होतो आणि मग कामगार अंदाजाने पाण्याचा शिपका मारतो. ओलमापक यंत्र मिळतं, किंवा निदान दाणा घेतानाच वाळवून, सावलीत ठेवून, प्रत्येक पोत्याचा उतारा वहीत लिहा. कुठल्या व्यापाऱ्याचा दाणा ३९ देतो आणि कुठल्याचा ४२, हे दोन महिन्यांत कळेल. सरासरी ४१ ची ४२ झाली तरी किलोमागे साडेचार रुपये वाचतात. दोन्ही मिळून किलोला दहाएक रुपये सुटतात आणि गिऱ्हाइकाच्या तेलात काहीच बदललेलं नसतं.

हे दहा रुपये सगळ्या बाटल्यांवर वाटून टाकू नका, नाहीतर कुणाला जाणवणारही नाहीत. ते पाच लिटरच्या कॅनवर द्या. पाच सुट्या बाटल्यांचे लेबलसकट ७० रुपये होतात, पाच लिटरचा कॅन ४५ ला पडतो. तिथे २५ वाचले. पाच लिटर म्हणजे ४.५५ किलो, त्यावर दहा रुपयांप्रमाणे आणखी ४५. एकूण ७० रुपये. कॅनची किंमत १,६४० ऐवजी १,५७० ठेवा, म्हणजे लिटरला ३१४. समोरच्याशी फरक राहिला २४ रुपयांचा आणि तुमची किलोमागची कमाई जशीच्या तशी. ही सवलत खर्चातून आलेली आहे, म्हणून ती वर्षभर टिकते. ‘ऑफर’ म्हणून जाहीर करू नका. उतारा आणि पेंड या दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष जमल्यावरच हा दर लावा. आधी लावलात तर ४५ रुपये खिशातून जातील.

एक धोक्याची जागा. गिऱ्हाईक घरून डबा घेऊन येतं आणि ‘यात सुटं द्या, बाटलीचे पैसे कमी करा’ म्हणतं. नियमाप्रमाणे किरकोळीत खाद्यतेल सीलबंद पाकिटातूनच विकायचं असतं. स्पर्धा वाढली की तपासणीच्या तक्रारीही वाढतात, हे ध्यानात घ्या.

तरीही काही घरांना ३१४ सुद्धा जड आहे. त्यांच्यासाठी हलकं तेल काढायचं नाही, गाळप करून द्यायचं. गिऱ्हाइकाने स्वतःचा दाणा आणायचा, तुम्ही समोर गाळून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. तुमच्या भागात कितीतरी घरी शेतातला भुईमूग असतो. ज्यांच्या घरी नाही त्यांचं उदाहरण घेऊ. बाजारातून १२५ रुपयांनी १५ किलो दाणा, १,८७५ रुपये. गाळपाची मजुरी किलोला २५ प्रमाणे ३७५. तेल सहा किलो, पेंड ८.४ किलो, ती तुम्ही ३४ ने परत घेतलीत तर २८६ वजा. त्या घराला सहा किलो तेल १,९६४ रुपयांत मिळालं, म्हणजे किलोला ३२७, लिटरला २९८. पाटीवरच्या २९० च्या अगदी शेजारी, आणि दाणा डोळ्यांसमोरचा. तुम्हाला वीज आणि साफसफाई वजा जाता, पेंडीचे चार रुपये धरून, घाणीमागे ३७० च्या आसपास मिळतात. तेवढंच तेल विकून ६४८ मिळाले असते, हे खरं. पण इथे तुमचं भांडवल दाण्यात अडकत नाही, आणि हे गिऱ्हाईक तसंही विकतच्या तेलाला तुमच्याकडे राहणार नव्हतं. आठवड्यातले दोन दिवस ठरवून गाळपाला द्या. रोज केलंत तर विक्रीचंच गिऱ्हाईक तिकडे वळेल.

गाळपात भांडण होतं ते उताऱ्यावरून. ‘मागच्या वेळी साडेसहा निघालं होतं, आता साडेपाचच कसं?’ म्हणून दाणा त्यांच्यासमोर तोला, ओला किंवा किडका असेल तर घाण्यात टाकण्याआधीच सांगा, आणि १५ किलोला ५.७ ते ६.२ किलो एवढं येतं असं आधीच कागदावर लिहून द्या. आधीच्या घाणीचं करडईचं तेल लाकडात मुरलेलं असतं, म्हणून गाळपाच्या दिवशी पहिली घाणी तुमच्या स्वतःच्या शेंगदाण्याची काढा. १५ किलोपेक्षा कमी दाणा एकट्याचा घेऊ नका, घाणा नीट पकडत नाही. दोन शेजारणींनी मिळून आणला तर चालेल.

हे सगळं करायच्या आधी एक संध्याकाळ वही घेऊन बसा. कमी झालेले ८० किलो कुणाचे होते? तीन-चार फरसाणवाले किंवा मेसवाले गेले असतील तर ते दरासाठीच गेले आणि ते परत येतील ही आशा धरू नका. त्यांना महिन्याला ठरावीक डबे आणि रोख, एवढ्याच अटीवर कॅनचा दर द्या, त्याखाली नको. चाळीस घरांमधून दोन-दोन किलो कमी झालं असेल तर गोष्ट वेगळी आहे. ती घरं बहुधा दोन्हीकडून घेऊन बघताहेत. त्यातल्या दहा-बारा जणींना फोन करा, पण ‘तुम्ही का येत नाही’ असं विचारू नका. ‘मागच्या बाटलीत काही कमी होतं का?’ एवढं विचारा आणि ऐकून घ्या. त्यातून कधी कधी दराव्यतिरिक्त दुसरंच निघतं: दुपारी दुकान बंद असतं, बाटली गळते, सुटे पैसे नसतात, फोनवर ऑर्डर घेत नाही. नव्या दुकानाकडे माणसं जायला ही कारणं पुरतात.

काउंटरवर कुणी विचारलं की ‘ते २९० ला देतात, तुमचं महाग का?’, तर त्यांच्या तेलाबद्दल एक शब्दही बोलू नका. ‘त्यांचं मी वापरलेलं नाही. आमचा हिशेब हा आहे,’ एवढं सांगून फळ्याकडे बोट दाखवा. फळ्यावर चार ओळी: या आठवड्यातला दाणा कुठून आला आणि काय भावाने, एक लिटर तेलाला दाणा किती लागतो (तुमच्या उताऱ्याने २.२ किलो), तेल कुठल्या तारखेला गाळलं, कुठल्या तारखेला भरलं. तीच गाळल्याची तारीख बाटलीवर. वर्षातून एकदा एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना द्या आणि अहवाल काचेखाली लावा. शुद्धतेच्या वरच्या आकड्यांबरोबर आम्लता मूल्यही तपासून घ्या. मानकात ते ६ पर्यंत चालतं. ताज्या, निवडलेल्या दाण्याचं तेल त्याच्या बरंच खाली असतं, आणि दरवर्षीचा आकडा वाढत गेला तर तुमचाच दाणा किंवा साठवण बिघडतेय हे तुम्हाला गिऱ्हाइकाच्या आधी कळतं. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ मात्र लिहू नका. कुठल्याच वनस्पती तेलात ते नसतं, त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

किती दिवस थांबायचं, हे आत्ताच ठरवून ठेवा, म्हणजे वाईट आठवड्यात घाबरून दर बदलला जाणार नाही. तुमच्या आजच्या दराने महिना २२२ किलोवर ना नफा ना तोटा होतो. त्याच्या बरंच वर, २७० किलोवर रेघ मारा. सलग दोन महिने विक्री २७० च्या खाली राहिली तर आधी बांधील खर्चाला हात घाला: कामगाराचे दिवस, घरमालकाशी भाड्याची बोलणी, गाळपाचा आणखी एक दिवस. दर बदलायचा तो दाण्याचा भाव बदलला तरच. खरिपाचा नवा भुईमूग ऑक्टोबरपासून बाजारात येतो, तेव्हा भाव उतरला तर फळ्यावर लिहून तेल उतरवा, आणि पुढे उन्हाळ्यात चढला तर तसंच लिहून चढवा. समोरच्याचा सुरुवातीचा साठाही कधीतरी संपेल आणि त्याला त्याच बाजारात दाणा घ्यावा लागेल. तोवर त्याची पाटी रोज बघायला जाऊ नका, महिन्यातून एकदा पुरे.

आणि सुगीत दाणा भरून ठेवायचा विचार असेल तर सोललेला घेऊ नका. शेंगा घ्या. टरफलात दाणा कितीतरी जास्त टिकतो. शंभर किलो शेंगेतून ६५ ते ७० किलो दाणा धरा आणि फोडणावळ मिळवून ११५ च्या खाली पडतो का, ते आधी बघा. नसेल पडत तर ते पैसे बँकेतच राहू द्या.